रॉकेट कक्षेत कसं पोचतं: प्रक्षेपण पाहताना आडव्या वेगाचा हिशेब

7 ऑगस्ट 2022 रोजी सकाळी 9 वाजून 18 मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून इस्रोचं नवं छोटं रॉकेट, एसएसएलव्ही, पहिल्यांदा उडालं. ईओएस-02 आणि आझादीसॅट हे दोन उपग्रह त्याला 356 किलोमीटर उंचीच्या गोल कक्षेत सोडायचे होते. रॉकेट त्या उंचीवर पोचलं आणि उपग्रह सुटलेसुद्धा. काही तासांनी इस्रोने जाहीर केलं की कक्षा 356 बाय 356 न होता 356 बाय 76 किलोमीटर झाली आहे आणि उपग्रह आता वापरता येणार नाहीत.

उंची गाठली, मग बिघडलं कुठे? या प्रश्नाचं उत्तर स्वतः काढता आलं की कुठलंही प्रक्षेपण पाहताना पडद्यावरच्या आकड्यांचा अर्थ लागू लागतो. त्यासाठी मोबाईलमधला कॅल्क्युलेटर आणि एक कोरा कागद पुरे. गणित आठवी-नववीच्या पलीकडे जात नाही.

पायरी 1: कक्षेला किती वेग लागतो ते काढा

उपग्रह वर "टिकून" राहतो, कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, असं पुष्कळांना वाटतं. 356 किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण जमिनीच्या मानाने जवळजवळ 90 टक्के असतं. तिथे एखादी वस्तू नुसती सोडली तर पहिल्या सेकंदात ती साधारण 4.4 मीटर खाली येईल. उपग्रहही दर सेकंदाला तेवढाच पडतो. फरक एवढाच की तो पडत असताना आडवा इतका पुढे गेलेला असतो की तेवढ्या अंतरात पृथ्वीचा गोलावाही 4.4 मीटर खाली वळलेला असतो. पडूनही उंची तेवढीच राहते, आणि हेच पुढच्या सेकंदाला पुन्हा होतं.

गोल कक्षेसाठी नेमका किती आडवा वेग हवा, ते या सूत्राने निघतं:

```
v = √(398600 / r)
```

इथे r म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर, किलोमीटरमध्ये. पृथ्वीची त्रिज्या 6378 धरा आणि तिच्यात उंची मिळवा. 398600 हा पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा ठरलेला आकडा आहे. उत्तर किलोमीटर प्रति सेकंदात येतं.

आपल्या उदाहरणात r = 6378 + 356 = 6734, आणि वेग येतो 7.69 किलोमीटर प्रति सेकंद. मुंबई ते पुणे हवाई अंतर या वेगाने साधारण सोळा सेकंदांत संपेल. काही देशांच्या प्रक्षेपणांत पडद्यावर ताशी वेग दाखवतात. तिथे हाच आकडा 27,700 च्या आसपास दिसतो.

उंची बदलून तेच गणित पुन्हा करून पाहा. 500 किलोमीटरला 7.61 येतो. उंची चाळीस टक्क्यांनी वाढली तरी वेग जेमतेम एका टक्क्याने हलला. पृथ्वीजवळच्या कुठल्याही कक्षेसाठी साडेसात ते पावणेआठ हा टप्पा पक्का लक्षात ठेवा. उंची किती ते मोहिमेनुसार बदलतं, हा वेग मात्र कुणाला चुकत नाही.

पायरी 2: उंचीचा खर्च आणि वेगाचा खर्च वेगळा मांडा

एक किलो वजन 356 किलोमीटर नुसतं उचलायला सुमारे 33 लाख ज्यूल ऊर्जा लागते. त्याच एका किलोला 7.69 किलोमीटर प्रति सेकंद वेग द्यायला सुमारे 2 कोटी 96 लाख ज्यूल लागतात. म्हणजे उंचीवर एक रुपया खर्च झाला तर वेगावर नऊ.

हे कागदी गणित वाटत असेल तर इस्रोच्याच दोन रॉकेटांकडे पाहा. रोहिणी मालिकेतलं आरएच-560 हे वातावरणाच्या अभ्यासासाठीचं रॉकेट आहे. ते साधारण 100 किलो उपकरणं घेऊन सुमारे 470 किलोमीटरपर्यंत वर जातं, म्हणजे एसएसएलव्हीच्या त्या कक्षेपेक्षाही उंच. त्याचं स्वतःचं वजन दीड टनाच्या आत आहे. एवढ्या उंचीवर जाऊनही ते काही मिनिटांत समुद्रात परत पडतं, कारण ते वर जातं पण आडवं फारसं पळत नाही. एसएसएलव्ही 500 किलोचा उपग्रह 500 किलोमीटरच्या कक्षेत ठेवू शकतं आणि त्यासाठी त्याचं वजन 120 टन ठेवावं लागतं. आरएच-560 ला एक किलो वर न्यायला साधारण 14 किलो रॉकेट लागलं. एसएसएलव्हीला त्याच एका किलोसाठी 240 किलो लागलं. हा सगळा फरक आडव्या वेगाचा.

वर्तमानपत्रातली चित्रं मात्र रॉकेटला बाणासारखं सरळ वर जाताना दाखवतात आणि शेजारी ठळक अक्षरात उंची छापतात. त्या चौकटीत मी वेग छापला असता.

उंची लागतेच कशाला, असं मग कुणी विचारेल. तर हवेमुळे. पृथ्वीला वातावरण नसतं तर डोंगर चुकवून 7.9 किलोमीटर प्रति सेकंद वेगाने अगदी जमिनीलगतही कक्षा करता आली असती. आपल्याकडे हवा आहे, म्हणून तिच्या वर जावं लागतं, आणि त्याहून जास्त उंची उपग्रहाच्या कामानुसार ठरते.

पायरी 3: रॉकेट कधी आणि का कलतं ते पाहा

आडवाच वेग हवा तर रॉकेट उभं का उडवतात? खालची हवा दाट असते. तिच्यातून आडवं वेगाने जायचं तर घर्षण आणि दाब दोन्ही परवडत नाहीत. म्हणून दाट हवेचा थर लवकरात लवकर ओलांडायचा.

पण सरळ वर जाण्यालाही किंमत आहे. रॉकेट उभं असताना इंजिनाचा जोर दर सेकंदाला 9.8 मीटर प्रति सेकंद एवढा वेग नुसतं खाली न पडण्यात घालवतो. शंभर सेकंद सरळ वर गेलात तर जवळजवळ एक किलोमीटर प्रति सेकंद इतका वेग असाच गेला. त्यासाठी जळालेलं इंधन परत मिळत नाही. म्हणून रॉकेट मनोऱ्यापासून मोकळं झालं की थोड्याच सेकंदांत किंचित कलवतात. मग गुरुत्वाकर्षणच त्याचा मार्ग हळूहळू वाकवत नेतं आणि रॉकेट आपल्या मार्गाच्या दिशेलाच तोंड करून राहतं. हवेत तिरकं फिरलं तर त्याच्या अंगावर आडवा दाब येऊन ते मोडू शकतं, म्हणून ही काळजी.

थेट प्रक्षेपणात पहिल्या मिनिटभरात धुराची रेघ समुद्राकडे वाकलेली दिसते. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, रॉकेट भरकटलं. तेव्हा रेघ वाकली नाही, तरच काळजी करायची.

पायरी 4: पडद्यावरचे आकडे वाचा

इस्रो मोहिमेआधी माहितीपुस्तिका काढते. पीएसएलव्हीच्या पुस्तिकांत उड्डाणक्रमाचा एक तक्ता असतो. त्यात प्रत्येक घटनेची वेळ, त्या वेळची उंची आणि इनर्शियल व्हेलॉसिटी, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राच्या संदर्भाने वेग, दिलेला असतो. त्यातली पहिलीच ओळ पाहण्यासारखी असते. वेळ शून्य, उंची 0.02 किलोमीटर, आणि वेग जवळपास 452 मीटर प्रति सेकंद. रॉकेट अजून हललेलं नाही, मग हा वेग कुठला? तो पृथ्वीच्या फिरण्याचा. श्रीहरिकोटा विषुववृत्ताच्या जवळ आहे, त्यामुळे तिथली जमीन पूर्वेकडे एवढ्या वेगाने फिरते. पूर्वेकडे उडणाऱ्या रॉकेटला तेवढा आडवा वेग फुकट मिळतो. ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेसाठी दक्षिणेकडे उडायचं असेल, तर हा फायदा हातातून जातो.

आता पीएसएलव्हीच्या ध्रुवीय मोहिमेत तक्त्याच्या पुढच्या ओळी वाचा. नेमके आकडे मोहिमेगणिक बदलतात, पण घडी एकच. पावणेदोन मिनिटांच्या पुढे पहिला टप्पा गळतो. नंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत उष्णताकवच टाकून देतात, कारण तिथे हवा इतकी विरळ असते की उपग्रहाला झाकायची गरज उरत नाही. साधारण साडेचार मिनिटांनी दुसरा टप्पा सुटतो. तेव्हा यान 200 किलोमीटरच्या वर, म्हणजे सरळसरळ अवकाशात असतं. वेग मात्र चारच्या आसपास. या क्षणी सगळी इंजिनं बंद पडली तर यान आणखी वर जाईल, कमान काढेल आणि समुद्रात पडेल. उंचीचं काम बहुतेक आटोपलेलं असतं, पण वेग जेमतेम निम्मा झालेला असतो.

पुढचे दोन टप्पे मुख्यतः तो उरलेला निम्मा भरून काढतात. तिसरा टप्पा जळून गेल्यावर यान काही वेळ नुसतंच वर तरंगत जातं. उंचीकडे नेणारा वेग आधीच मिळालेला असतो. समालोचक शांत होतो आणि पाहणाऱ्यांना वाटतं, काहीतरी अडलं. अडलेलं काही नसतं. चौथ्या टप्प्याला ठरलेल्या उंचीजवळ पोचून पेटायचं असतं, म्हणून तो थांबलेला असतो.

या चौथ्या टप्प्यात एक गंमत आहे. त्याच्या दोन्ही इंजिनांचा मिळून जोर सुमारे दीड टन वजन पेलण्याएवढा. इंधन आणि उपग्रह धरून त्याचं स्वतःचं वजन चार टनांच्या पुढे जातं. जमिनीवर उभं करून पेटवलं तर तो जागचा हलणारही नाही. वर मात्र तो मिनिटामागून मिनिटं जळतो आणि काम पुरं करतो. कारण आडवा वेग जसा वाढतो, तसं "न पडण्यासाठी" लागणारं बळ कमी होतं. कक्षेच्या निम्म्या वेगाला ते अजून 75 टक्के लागतं, पण 90 टक्के वेगाला फक्त 19 टक्के. शेवटी उरलेला जवळजवळ सगळा जोर पुढे ढकलण्यासाठी मोकळा होतो.

टप्पे का टाकतात, हे थोडक्यात सांगतो. घन इंधनाचा वायू साधारण 2.8 किलोमीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडतो. कक्षेचा वेग आणि वाटेतली गळती मिळून सव्वानऊच्या पुढे वेग कमवायचा, तर एकाच तुकड्याच्या रॉकेटचा शेवटी सत्ताविसावा हिस्सासुद्धा उरत नाही. त्यात कवच, इंजिन आणि उपग्रह बसवणं शक्य नाही. म्हणून रिकामं झालेलं ओझं वाटेतच टाकायचं.

पायरी 5: एसएसएलव्हीचं गणित सोडवा

आता सुरुवातीच्या मोहिमेकडे परत येऊ. 356 बाय 76 या आकड्यांचा अर्थ असा की कक्षेतला सर्वांत दूरचा बिंदू, म्हणजे अपभू, 356 किलोमीटरवर होता. सर्वांत जवळचा बिंदू, उपभू, 76 किलोमीटरवर. लंबगोल कक्षेत कुठल्याही ठिकाणी वेग किती असतो, ते या सूत्राने निघतं:

```
v = √(398600 × (2/r − 1/a))
```

a म्हणजे दोन्ही टोकांच्या केंद्रापासूनच्या अंतरांची सरासरी. 6734 आणि 6454 यांची सरासरी 6594. r साठी अपभूचे 6734 घाला. उत्तर येतं 7.61. हवे होते 7.69. म्हणजे कमतरता सेकंदाला सुमारे 80 मीटरची, टक्क्यात सांगायचं तर एक टक्का.

एका टक्क्याने एवढं नुकसान कसं झालं? वेग थोडा कमी असला तर यान थोडं जास्त खाली पडतं. हे कमी-जास्त साठत जातं आणि पृथ्वीला अर्धी फेरी मारून पलीकडच्या बाजूला पोचेपर्यंत मोठा फरक पडतो. पृथ्वीजवळच्या कक्षांसाठी एक ढोबळ हिशेब पाठ करून ठेवा: वेगात सेकंदाला 1 मीटरची तूट आली, तर पलीकडची उंची साधारण साडेतीन किलोमीटरने घटते. 80 ला साडेतीनने गुणा, 280 येतात. 356 मधून 280 वजा केले की उरतात 76. इस्रोने सांगितलेला आकडा कागदावर उतरला. 76 किलोमीटरवर हवा एवढी आहे की तिथे वेग टिकत नाही आणि उपग्रह खाली येतात.

तूट का आली, त्याची चौकशी इस्रोने नंतर प्रसिद्ध केली. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोराचं कंपन झालं. वेगातला बदल मोजणाऱ्या प्रवेगमापकांची कमाल मर्यादा त्यात ओलांडली गेली. मापकं बिघडली आहेत असं समजून संगणक आपत्कालीन पद्धतीवर गेला. त्या पद्धतीत वेग मोजून दुरुस्ती करायची नसते, आधी लिहून ठेवलेला क्रम पार पाडायचा असतो. यान दिशा धरून पुढे गेलं आणि उपग्रहही सुटले, फक्त वेग पुरेसा झाला की नाही, हे पाहणारं कुणी उरलं नव्हतं. पुढच्या उड्डाणासाठी टप्पा सुटा करण्याची यंत्रणा आणि मापकं तपासण्याचा तर्क बदलला. 10 फेब्रुवारी 2023 रोजी दुसऱ्या एसएसएलव्हीने उपग्रह 450 किलोमीटरच्या कक्षेत नीट सोडले. त्या कक्षेचा वेग पहिल्या सूत्राने तुम्हीच काढा. 7.64 यायला हवा.

पाहताना हे ओळखायचं कसं? "उपग्रह सुटला" या घोषणेवर टाळ्या वाजल्या म्हणून मोहीम यशस्वी समजू नका. सुटण्याचा वेगाशी काही संबंध नाही. वेगाचा आकडा गोल कक्षेच्या वेगापाशी येऊन थांबला का, ते बघा. आकडा अचानक थिजला, किंवा प्रत्यक्ष मार्गाची रेघ अपेक्षित रेघेपासून दूर जाऊ लागली, तर शंका घ्या. त्या दिवशी शेवटच्या टप्प्यात माहिती तुटते आहे, असं इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी तिथेच सांगितलं होतं. खरा निकाल कक्षेच्या दोन आकड्यांनीच लागतो. दोन्ही हाती येईपर्यंत वाट पाहा. एकच उंची दिलेली बातमी अर्धवट समजा.

आकडा पाहताना एक पथ्य पाळा. वेग पृथ्वीच्या केंद्राच्या संदर्भाने दिला आहे की जमिनीच्या, ते तपासा. पूर्वेकडच्या उड्डाणात दुसरा आकडा चारएकशे मीटर प्रति सेकंदाने कमी दिसतो. तो पहिल्या सूत्राच्या उत्तराशी ताडून पाहिलात, तर चांगलं चाललेलं उड्डाणही फसलेलं वाटेल.

पायरी 6: दिशाही तपासा

वेग पुरेसा, पण किंचित वर किंवा खाली झुकलेला असला तर? 356 किलोमीटरवर वेग बरोबर 7.69 आहे, पण रोख आडव्यापेक्षा एक अंश वर आहे, असं धरा. तेवढ्यानेच कक्षा सुमारे 239 बाय 473 होते. रोख एक अंश खाली असला तरी कक्षेचे दोन्ही आकडे तेच येतात. गोल कक्षेसाठी वेग नेमका आडवाच लागतो, असं म्हणतात ते यासाठी.

डावी-उजवी दिशा तर त्याहून महाग. कक्षेच्या पूर्ण वेगात असताना मार्ग फक्त 10 अंश बाजूला वळवायचा तर सेकंदाला सुमारे 1340 मीटरचा वेग खर्च होतो. एखादी वस्तू सरळ वर 356 किलोमीटरपर्यंत फेकायला, हवा सोडून, 2570 मीटर पुरतात. म्हणजे त्या सगळ्या उंचीच्या निम्म्याहून जास्त किंमत नुसत्या एका वळणाची.

श्रीहरिकोट्याला ही अडचण दर ध्रुवीय मोहिमेत येते. सरळ दक्षिणेकडे उडवलं तर वाटेत श्रीलंका येते, आणि जळालेले टप्पे वस्तीवर पडण्याचा धोका पत्करता येत नाही. म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेकडे निघतं आणि बेट चुकवून दक्षिणेकडे वळतं. वळण वेग कमी असतानाच घेतात, पण त्याचं इंधन जातंच आणि तेवढ्या वजनाचा उपग्रह कमी न्यावा लागतो. पीएसएलव्हीला हे पेलतं. एसएसएलव्हीसारख्या छोट्या रॉकेटची मात्र त्यात मोठी क्षमता वाया जाते. तमिळनाडूत थुथुकुडी जिल्ह्यातल्या कुलशेखरपट्टिणम इथे नव्या प्रक्षेपण केंद्राची पायाभरणी फेब्रुवारी 2024 मध्ये झाली, ती मुख्यतः या छोट्या रॉकेटांसाठी. तिथून दक्षिणेला मोकळा समुद्र आहे, श्रीलंका पूर्वेला राहते. ध्रुवीय कक्षेसाठी रॉकेट तिथून न वळता सरळ दक्षिणेला जाऊ शकतं.